नोटीस ९० दिवसांची, जॉइनिंग १३ जुलैचं. नव्या कंपनीकडं तारीख वाढवून कशी मागू?

पंचगंगेकाठी | १५ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगावातल्या एका मशीन शॉपमध्ये सहा वर्षं क्वालिटीला आहे. पंप हाउसिंग आणि ब्रॅकेटची कास्टिंग आमच्याकडं मशीनिंगला येतात. सीएमएम या मोजमापाच्या मशीनवर प्रोग्रॅम करणं, कंट्रोल प्लॅन सांभाळणं, गिऱ्हाइकाची तक्रार आली की तिचं उत्तर तयार करणं, हे सगळं माझ्याकडं असतं.

चाकणच्या एका कंपनीची ऑफर आली. ३ जूनला लेटर मिळालं, ४ तारखेला मी मेलवर होकार दिला. जॉइनिंग १३ जुलै. इंटरव्ह्यूत एचआरनं विचारलं होतं, "किती दिवसांत याल?" मी बोलून गेलो की दीड महिन्यात जमवतो. आमच्याकडून गेल्या वर्षी प्रॉडक्शनचा एक मुलगा चाळीस दिवसांत सुटला होता, त्या भरवशावर.

८ जूनला राजीनाम्याचा मेल केला. १२ तारखेला प्लांट हेडनी बोलावून सांगितलं की ऑगस्टमध्ये गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे, तुला पूर्ण ९० दिवस थांबावं लागेल. आवाज चढवला नाही, पण निक्षून सांगितलं.

आता नव्या कंपनीकडं दोन महिने वाढवून मागायचे म्हणजे छातीत धडधडतं. घरी अजून फक्त बायकोला माहीत आहे. ऑफर जाईल का? मेल कुणाला करावा, एचआरला की ज्यांनी इंटरव्ह्यू घेतला त्यांना? कारण काय द्यावं? कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर सांगा.

---

बापू_फौंड्री | १५ जून, रात्री १०:०५

भावा, घाबरू नको. ९० दिवस बिवस कंपनीच्या कागदावर असतंय. कायद्यानं एक महिन्याच्या वर कुणाला बांधून ठेवता येत नाही. आमच्या शिरोलीत तीस वर्षं बघतोय, मोल्डर असो की फिटर, एक महिना भरला की हिशेब घेऊन मोकळा. तू सरळ ८ जुलैला गेटपास जमा कर आणि चाकण गाठ. त्यांना काय करायचं ते करू दे.

---

वकील_शाहूपुरी | १५ जून, रात्री १०:३२

बापू, तुम्ही जे बघितलंय ते खरं आहे, पण ते कामगारांचं. स्टँडिंग ऑर्डर्स लागू असलेल्या कारखान्यात महिन्याच्या पगारावरच्या कामगाराला एक महिन्याची नोटीस असते. इथं प्रश्न विचारणारा इंजिनिअर आहे आणि हाताखाली माणसं असतील तर तो त्या व्याख्येत बसेलच असं नाही. नुसत्या हुद्द्यावर ते ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करतो ते बघतात. त्यामुळं त्याच्यापुरतं अपॉइंटमेंट लेटरच धरून चालावं.

हेही खरं की कुठलंही कोर्ट माणसाला जबरदस्तीनं नोकरीवर बसवून ठेवत नाही. पण करार मोडला म्हणून कंपनी नोटीसचे पैसे मागू शकते, आणि कोर्टात न जाताच रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवू शकते. मार बसतो तो त्या लेटरचा.

पंचगंगेकाठी, तुमच्या लेटरमधलं नोटीसचं कलम जसंच्या तसं इथं लिहा. कंपनीचं नाव नको. आणि नव्या ऑफर लेटरमध्ये "या तारखेपर्यंत रुजू न झाल्यास ऑफर आपोआप रद्द" असं वाक्य आहे का तेही बघा.

---

सुरेखाताई | १६ जून, सकाळी ७:१५

माझ्या मुलाचंही असंच झालं. कॉलेजातून निवड झाली आणि कंपनीनं जॉइनिंग जुलैचं सप्टेंबर, सप्टेंबरचं जानेवारी असं ढकलत नेलं. पोरगं आठ महिने घरी बसून होतं, जेवणावरून उठून जायचं. तुम्ही त्यांना ठणकावून सांगा की तारीख पुढं ढकलायची असेल तर मधल्या महिन्यांचा पगार द्या.

---

पंचगंगेकाठी | १६ जून, सकाळी ८:०२

सुरेखाताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं. माझं उलट आहे, कंपनी बोलावतेय आणि मलाच पुढची तारीख हवी आहे.

वकीलसाहेब, कलम असं आहे (मूळ इंग्रजीत, अर्थ लिहितो): "कर्मचाऱ्याने ९० दिवसांची लेखी नोटीस द्यावी किंवा तेवढ्या दिवसांची सॅलरी भरावी. नोटीसऐवजी सॅलरी स्वीकारायची की नाही हा निर्णय सर्वस्वी व्यवस्थापनाचा राहील."

ऑफर लेटरच्या दुसऱ्या पानावर तुम्ही म्हणता तेच वाक्य आहे. १३ जुलैला किंवा त्याआधी रुजू न झाल्यास ऑफर रद्द समजली जाईल. होकार देताना मी ते वाचलंच नव्हतं, फक्त सीटीसीचं पान बघितलं होतं.

---

हिंजवडीकर_मूळचा_उचगाव | १६ जून, सकाळी ९:२०

आयटीत हे रोजचं आहे. नव्या कंपनीला सांग की बायआउट करा. माझे तीस दिवस माझ्या कंपनीनं भरले होते. पहिल्या पगारासोबत परत दिले.

आणि तेही जमलं नाही तर जुन्या ठिकाणी रजा टाक, १३ ला चाकणला जॉइन हो, महिन्याभरानं इथलं मिटव. बरेच जण करतात.

---

मीनल_कागल | १६ जून, दुपारी १:४५

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत चौदा वर्षं एचआरमध्ये आहे. माणूस सोडणाऱ्या बाजूनं आणि घेणाऱ्या बाजूनं, दोन्हीकडून हे केलंय, म्हणून जरा लांबच लिहिते.

आधी हिंजवडीकरांचा दुसरा सल्ला. कृपा करून तसं करू नका. दोन्ही कंपन्या एकाच यूएएनवर पीएफ भरतील आणि एकाच महिन्याला दोन आस्थापनांची वर्गणी पासबुकात दिसेल. मी नवीन माणसाचं बॅकग्राउंड तपासताना पहिल्यांदा सर्व्हिस हिस्टरीच उघडते. तिथं दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसल्या की पुढच्या प्रत्येक ठिकाणी त्याचं उत्तर द्यावं लागतं. हे पुसता येत नाही.

बायआउटचं म्हणाल तर आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कंपन्यांत नवी कंपनी पैसे भरते असं क्वचित होतं. आणि भरायला तयार झाली तरी वरचं कलम वाचा. पहिल्या वाक्यातल्या "किंवा"मुळं वाटतं की पैसे भरून सुटता येईल, पण दुसऱ्या वाक्यानं तो पर्याय काढून घेतलाय. जुन्या कंपनीनं पैसे घ्यायचेच नाहीत म्हटलं तर नव्या कंपनीचा चेक काही कामाचा नाही.

आता मूळ प्रश्न. दादा, तुम्ही नव्या कंपनीकडं काय मागावं हे विचारताय. पण तुमची शेवटची तारीख कोणती हेच अजून कागदावर नाही. प्लांट हेड तोंडी बोलले. राजीनामा स्वीकारल्याचा मेल आलाय का? त्यात तारीख आहे का? ८ जूनपासून मोजलं तर नव्वदावा दिवस ६ सप्टेंबरला येतो. एचआरनं १२ जूनच्या स्वीकृतीपासून मोजलं तर १० सप्टेंबरला. नोटीसमध्ये घेतलेल्या रजेचे दिवस काही ठिकाणी पुढं जोडतात, मग अजून वाढते. यातली कुठली तारीख घेऊन तुम्ही चाकणला फोन करणार? आज ७ सप्टेंबर मागाल आणि महिन्याभरानं परत फोन करून १४ म्हणाल. घेणाऱ्या बाजूनं सांगते, पहिल्यांदा तारीख मागितली तर आम्ही विचार करतो. दुसऱ्यांदा मागितली की आम्ही वेटिंगवरच्या माणसाला फोन लावतो.

दुसरी गोष्ट. जुन्या कंपनीला तुमचे ९० दिवस नकोयत, त्यांना ऑडिट पार पडायला हवंय. प्लांट हेडनी स्वतःच कारण सांगितलंय. ऑडिट कुठल्या तारखेला आहे ते विचारा.

---

पंचगंगेकाठी | १६ जून, रात्री ८:५०

मीनलताई, फार आभार. स्वीकृतीचा मेल आलेला नाही. ऑडिट १० आणि ११ ऑगस्टला आहे. हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता, मी ९० आकड्यातच अडकून बसलो होतो.

पण मग चाकणला आज काहीच सांगू नको का? चार आठवडे उरलेत. न सांगता बसणं मनाला पटत नाही.

---

शिरोली_पुलावरून | १६ जून, रात्री ९:३०

मी वेगळं सांगतो. मी चाकणला अशाच कंपनीत क्वालिटी हेड आहे, मूळचा वडणग्याचा. माझ्याकडं माणूस घेताना जॉइनिंगची तारीख एचआर ठरवत नाही, मी ठरवतो. नवीन पार्ट चालू होणार असतो, गिऱ्हाइकाला पार्टच्या मंजुरीसाठी पीपीएपी द्यायची असते, म्हणून माणूस त्या तारखेला हवा असतो. एचआर फक्त लेटर काढतं. एचआरला मेल केलास तर तो मेल माझ्याकडं येतो तेव्हा त्यात एवढंच असतं की "उमेदवार दोन महिने मागतोय". ते वाचून माझा पहिला विचार येतो की याच्या हातात दुसरी ऑफर आहे आणि हा आम्हाला टांगून ठेवतोय.

म्हणून ज्यांनी इंटरव्ह्यू घेतला त्यांना फोन कर. उद्याच कर. तारीख मागू नको. एवढंच सांग की मी दीड महिना म्हणालो होतो, तो माझा अंदाज चुकला, कंपनी पूर्ण नोटीस मागतेय, लवकर सोडावं म्हणून बोलणी चालू आहेत आणि अमुक तारखेपर्यंत पक्की तारीख लेखी घेऊन सांगतो. आणि एक प्रश्न नक्की विचार: "सर, मी उशिरात उशिरा कधी आलो तर तुमचं काम अडणार नाही?" याचं उत्तर मिळालं की तुला कुठवर ताणता येतंय ते कळेल.

---

वकील_शाहूपुरी | १६ जून, रात्री ९:५५

फोन करायला हरकत नाही, पण फोनवर "बरं, या ऑगस्टमध्ये" असं म्हणाले म्हणून तारीख बदलली असं धरू नका. लेटरमधलं आपोआप रद्द होण्याचं वाक्य तसंच उभं आहे. १४ जुलै उजाडला की कागदोपत्री तुमच्याकडं ऑफर नाही. त्यांचा माणूस बदलला, ऑर्डर कमी झाली, तर तो फोन कुणाला आठवणार नाही. नव्या तारखेचं सुधारित ऑफर लेटर, निदान एचआरच्या कंपनी मेलवरून "बाकी अटी कायम ठेवून जॉइनिंगची तारीख बदलत आहोत" एवढी एक ओळ, १३ जुलैच्या आत हातात हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा चालणार नाही.

---

बापू_फौंड्री | १७ जून, सकाळी ६:४०

वकीलसाहेबांचं मानलं. माझं कामगारांचं होतं हे खरं. पण एक सांगतो, प्लांट हेडशी बोलताना ऑफिसात टेबलापलीकडं बसून बोलू नको. मशीनवर उभा राहून बोल, जिथं तुझं काम त्याला दिसतंय. आणि मोकळ्या हातानं जाऊ नको. तुझ्यामागं कोण बघणार ते नाव घेऊन जा.

---

पंचगंगेकाठी | १९ जून, रात्री १०:१०

काय काय झालं ते सांगतो.

१७ तारखेला दुपारच्या सुट्टीत चाकणच्या सरांना फोन केला. शिरोली_पुलावरून यांनी सांगितलं तसंच बोललो, अंदाज चुकला हे पहिल्याच वाक्यात कबूल केलं. ते दोन मिनिटं गप्पच होते. मग म्हणाले, नवीन लाइनची ट्रायल ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आहे, त्याआधी निदान आठवडाभर तू इथं पाहिजेस, सप्टेंबर जमणार नाही. मी २६ जूनपर्यंत लेखी तारीख देतो म्हणालो. ते "ठीक" म्हणाले, पण आवाजात थोडी नाराजी होती.

म्हणजे त्यांची हद्द साधारण १७ ऑगस्ट. आमच्या ऑडिटचा शेवटचा दिवस ११ ऑगस्ट. मधे पाच दिवस मोकळे आहेत!

प्लांट हेडशी अजून बोललो नाही. काय घेऊन जाऊ त्यांच्यासमोर?

---

मीनल_कागल | १९ जून, रात्री १०:४५

चांगलं केलंत. आता त्यांच्यासमोर एका पानाचा हँडओव्हर घेऊन जा. "मी सगळं शिकवून जाईन" हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो, त्यावर कुणी तारीख देत नाही. तुमच्या टेबलावर नेमकं काय काय आहे ते लिहा. सीएमएमचे किती प्रोग्रॅम, त्यातले किती दुसऱ्या कुणाला चालवता येतात, कुठल्या गेजचं कॅलिब्रेशन ऑगस्टच्या आत संपतंय, कुठल्या तक्रारी अजून उघड्या आहेत. प्रत्येकासमोर नाव आणि तारीख टाका.

मागणी एकच ठेवा. ऑडिटला मी हजर राहतो, १४ ऑगस्टला मला सोडा. ११ नंतरचे तीन दिवस ऑडिटमध्ये निघालेले मुद्दे लिहून काढायला द्या, ते त्यांना फार महत्त्वाचं वाटेल.

१४ ऑगस्ट धरला तर ६ सप्टेंबरपर्यंत २३ दिवस कमी पडतात. तुमची पीएल किती शिल्लक आहे? ती नोटीसमध्ये वळती करून घ्या म्हणून विचारा. हक्क म्हणून नाही, विनंती म्हणून, कारण तुमच्या लेटरमध्ये तसं कलम नसेल तर ते त्यांच्या मर्जीवर आहे. उरलेल्या दिवसांचे पैसे भरायची तयारी स्वतःहून दाखवा.

---

पंचगंगेकाठी | १९ जून, रात्री ११:०५

पीएल ११ दिवस आहे. म्हणजे १२ दिवस उरतात. माझा ग्रॉस ४२,००० आणि बेसिक २१,०००. लेटरमध्ये नुसतं "सॅलरी" लिहिलंय. कशावर कापतील?

---

ताळेबंद_राजारामपुरी | २० जून, सकाळी १०:२०

मी अकाउंट्सचं काम बघतो. बेसिकवर धरलं तर दिवसाला ७००, बारा दिवसांचे ८,४००. ग्रॉसवर धरलं तर दिवसाला १,४००, म्हणजे १६,८००. नुसतं "सॅलरी" लिहिलं असेल तर कंपनी ग्रॉसकडं ओढते आणि कर्मचारी बेसिककडं. तुमच्या कंपनीत आधी सुटलेल्यांना कशावर कापलं ते विचारा. चाळीस दिवसांत सुटलेला तो मुलगा आहे ना, त्याची फुल अँड फायनलची शीट बघा.

अजून एक. काही ठिकाणी नोटीसच्या वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावायचे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळानं १७८ क्रमांकाचं परिपत्रक काढून स्पष्ट केलंय की अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही. शीटमध्ये तो दिसला तर हे परिपत्रक दाखवा.

१३ जुलैलाच जायचं ठरवलं असतं तर किती झालं असतं बघा. ५६ दिवस कमी पडले असते. ग्रॉसनं ७८,४००.

---

हिंजवडीकर_मूळचा_उचगाव | २० जून, सकाळी ११:००

रजा टाकून दोन्हीकडं राहण्याचं मी म्हणालो ते मागं घेतो. पीएफचा मुद्दा माझ्या लक्षातच नव्हता. माझ्या एका मित्राचं तसंच अडकलंय हे आता कळतंय. जुन्या कंपनीनं एक्झिटची तारीख टाकली नाही म्हणून त्याचा पीएफ ट्रान्सफर होत नव्हता.

---

मीनल_कागल | २० जून, सकाळी ११:४०

त्या मित्राला सांगा की ती तारीख आता कर्मचाऱ्याला स्वतः पोर्टलवर टाकता येते. मात्र शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने जावे लागतात.

---

पंचगंगेकाठी | २४ जून, रात्री ९:१५

बापू म्हणाले तसं केलं. काल सेकंड शिफ्ट सुरू होताना प्लांट हेड सीएमएम रूममध्ये आले, तेव्हा कागद दिला. ३४ प्रोग्रॅम लिहिले होते. त्यातले १९ आमच्या एका ज्युनिअर मुलीला चालवता येतात, उरलेल्या १५ समोर तिच्या शिकण्याच्या तारखा टाकल्या होत्या. चार उघड्या तक्रारी, प्रत्येकीच्या उत्तराची तारीख. सरांनी उभ्याउभ्या सगळं वाचलं. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "या हाउसिंगचं बोअर तिला मोजता येत नाही अजून." मी म्हटलं, सर, ८ जुलैपर्यंत येईल, तुमच्यासमोर मोजून दाखवेल.

आज एचआरचा मेल आला. राजीनामा स्वीकारला, ऑडिट समाधानकारक झाल्यास शेवटचा दिवस १४ ऑगस्ट, बाकी दिवसांचा हिशेब नियमाप्रमाणे. पीएलबद्दल एक अक्षर नाही.

उद्या चाकणला मेल करतो. असा लिहिलाय, मेल इंग्रजीतच जाईल:

"आपल्या ३ जूनच्या ऑफरमध्ये जॉइनिंगची तारीख १३ जुलै आहे. इंटरव्ह्यूत मी दीड महिन्याचा अंदाज दिला होता, तो बरोबर ठरला नाही याबद्दल दिलगीर आहे. माझ्या सध्याच्या कंपनीनं मला १४ ऑगस्टला कार्यमुक्त करण्याचं लेखी कळवलं आहे, तो मेल सोबत जोडला आहे. मी १७ ऑगस्टला रुजू होऊ शकतो. बाकी अटी कायम ठेवून या तारखेचं सुधारित ऑफर लेटर द्यावं ही विनंती. दरम्यान कागदपत्रांची तपासणी आणि मेडिकल करून घ्यायला मी तयार आहे."

काही काढू का, घालू का?

---

शिरोली_पुलावरून | २४ जून, रात्री ९:४०

मेल चांगला आहे. एचआरला पाठव आणि सरांना सीसीत ठेव. पाठवायच्या आधी सरांना फोन करून सांग, मेल त्यांच्या आधी एचआरनं वाचायला नको.

"ऑडिट समाधानकारक झाल्यास" हे शब्द मला खटकतायत. तो मेल जोडलास तर समोरचाही ते वाचणार.

---

वकील_शाहूपुरी | २४ जून, रात्री १०:१५

मलाही तेच खटकलं. समाधानकारक कुणी ठरवायचं? ऑडिटमध्ये एखादी मोठी त्रुटी निघाली तर १२ ऑगस्टला तुम्हाला थांबवतील आणि तिकडं तुम्ही १७ चा शब्द दिलेला असेल. माझं मत, आधी जुन्या एचआरकडून ते वाक्य काढून घ्या. "ऑडिटनंतर १४ ऑगस्ट" एवढंच राहू द्या.

---

मीनल_कागल | २४ जून, रात्री १०:४०

इथं माझं वकीलसाहेबांशी थोडं वेगळं मत आहे. तत्त्वानं ते बरोबर आहेत. पण नुकतीच मिळालेली मंजुरी परत उघडली की प्लांट हेड सगळंच नव्यानं विचारात घेतील. मी असते तर उत्तरात लिहिलं असतं, "१४ ऑगस्ट हा शेवटचा दिवस कळवल्याबद्दल आभार. ऑडिटच्या तयारीचा आणि ११ तारखेपर्यंत माझ्या हजेरीचा आराखडा सोबत जोडला आहे." म्हणजे अट तुमच्या हातातल्या गोष्टींपुरती राहते. पूर्ण सुरक्षित होत नाही, हे मान्य. पण १५ ऑगस्ट ते ६ सप्टेंबरचे दिवस कापायला ते तयार झालेत, त्या अर्थी त्यांनी मनानं सोडलंय.

---

वकील_शाहूपुरी | २४ जून, रात्री १०:५५

माणसं तुम्ही जास्त ओळखता. तरीही मी कागदावरची अट ठेवली नसती.

---

सुरेखाताई | २५ जून, सकाळी ७:३०

दादा, पहिल्यांदा मी चुकीचं वाचलं होतं, क्षमा करा. एक सांगावंसं वाटतं. मेडिकल आणि कागदांसाठी पुण्याला बोलावलं तर जुलैअखेरीवर टाकू नका. २०१९ ला आणि २०२१ ला पुराचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं, रस्ता बंद होता. माझा भाऊ किणीच्या अलीकडं दोन दिवस ट्रकमध्ये होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यातच उरकून घ्या.

---

पंचगंगेकाठी | ३ जुलै, रात्री ८:२०

सुधारित ऑफर लेटर आज आलं. जॉइनिंग १७ ऑगस्ट, बाकी अटी त्याच. शेवटी जाड अक्षरात लिहिलंय की यापुढं तारीख वाढवून मिळणार नाही. मेडिकल १ तारखेलाच करून आलो, ताईंचं ऐकून.

मधले आठ दिवस फार जड गेले. २५ ला मेल केला, चार दिवस काहीच उत्तर नाही. २९ ला सरांना फोन केला तेव्हा कळलं की एचआरच्या मॅडम रजेवर होत्या. त्या चार दिवसांत रात्री दोन-दोनदा उठून मेल बघत होतो.

जुन्या एचआरला मीनलताईंनी सांगितलं तसं उत्तर आणि आराखडा पाठवला. त्यावर फक्त "नोंद घेतली" आलं. अट तशीच आहे. पीएल वळती करण्याचा अर्ज दिलाय, अकाउंट्सवाले म्हणतात कापणी ग्रॉसवर होईल आणि पीएलचं प्लांट हेड ठरवतील. चाळीस दिवसांत सुटलेल्या त्या मुलाची शीट मिळाली, त्याला बेसिकवर कापलं होतं. ती दाखवू का नको या विचारात आहे. त्याला यात ओढल्यासारखं होईल.

---

ताळेबंद_राजारामपुरी | ३ जुलै, रात्री ९:००

शीट दाखवू नका. नुसतं विचारा, "गेल्या वर्षी कुठल्या पद्धतीनं धरलं होतं?" अकाउंट्सला स्वतःची फाइल उघडावी लागेल.

---

बापू_फौंड्री | ३ जुलै, रात्री ९:२५

पोरीला ते बोअर मोजायला आलं का?

---

पंचगंगेकाठी | ३ जुलै, रात्री ९:३१

काल तिसऱ्यांदा आलं, बापू. पहिल्या दोन वेळा प्रोब चुकीच्या कोनात उतरवत होती, दोन शतांशचा फरक येत होता. आता माझं आणि तिचं रीडिंग जुळतंय. सरांसमोर ८ तारखेला.